पाहुणे बसतील कुठे? फर्निचर शोरूमची पाडव्याची जाहिरात लिहिताना

पाडव्याची कोणतीही पुरवणी उघडा. टाइल्सवाला, रंगवाला, बँक, बिल्डर, टीव्हीचं दुकान, सगळ्यांच्या डोक्यावर एकच ओळ असते: ‘नवे वर्ष, नवे घर, नवी स्वप्ने’. सांगलीतल्या एका फर्निचर शोरूमची २०२६ च्या पाडव्याची कॉपी लिहायला घेतली तेव्हा मालकांची मागणीही हीच होती. नव्या घराची कल्पना धरा, बाकी तुम्ही बघा. कल्पना चांगलीच होती. अडचण एवढीच की तिच्यावर सगळ्यांचा सारखाच हक्क आहे. म्हणून आम्ही सुरुवातीलाच एक चाचणी ठरवली. लिहिलेल्या ओळीतला ‘फर्निचर’ काढून तिथे ‘टीव्ही’ घालायचा. ओळ तशीच चालली, तर ती रद्द.

या चाचणीत ‘स्वप्न’, ‘आनंद’, ‘समृद्धी’, ‘मांगल्य’ हे सगळे शब्द पहिल्याच फेरीत गेले. उरला एक प्रश्न: रिकाम्या घरात फर्निचर नसल्यामुळे नेमकं काय अडतं? टीव्ही नसला तर करमणूक अडते, पडदे नसले तर खासगीपणा. पलंग नसला तर माणूस फरशीवर झोपतो आणि सोफा नसला तर पाहुण्याला सतरंजीवर बसवावं लागतं. पाडव्याच्या दिवशी नव्या घरी हमखास माणसं येतात, घर बघायला म्हणून येतात आणि हॉलच्या मधोमध उभी राहतात. तिथून हेडलाइन निघाली: ‘गुढी दारात उभी राहील. पाहुणे बसतील कुठे?’ या ओळीत टीव्ही घालून बघा, बसत नाही.

हेडलाइन मिळाली म्हणजे काम झालं असं नव्हे. नवं घर मांडणारे एकाच प्रकारचे नसतात. विश्रामबागेत किंवा शंभर फुटी रस्त्याच्या बाजूला फ्लॅटचा ताबा घेणारं कुटुंब वेगळं. एप्रिल-मेच्या लगीनसराईची तयारी करणारं घर वेगळं. कुपवाडच्या कारखान्यात किंवा मिरजेच्या दवाखान्यात बदली होऊन आलेला भाडेकरू वेगळा. आणि चौथा गट असा, की त्याचा उल्लेख जाहिरातीत कोणी करत नाही, पण काउंटरवर तो नेहमी दिसतो: एकत्र कुटुंबातून वेगळी चूल मांडणारा. या माणसाला ‘तुमचं स्वतःचं, स्वतंत्र घर’ अशी ओळ वाचायला घातली तर तो खूश होईल, पण पेपर त्याच्या आईच्याही हातात असतो. म्हणून ‘स्वतंत्र’, ‘वेगळं’, ‘फक्त दोघांचं’ हे शब्द आम्ही कॉपीत येऊ दिले नाहीत. लग्नघरासाठीही तसंच. ‘लेकीच्या संसारासाठी’ ही ओळ ऐकायला गोड आहे, पण तिचा अर्थ सरळ मुलीच्या बापाच्या खिशाकडे जातो आणि देण्याघेण्याचा वास येतो. शोरूममध्ये ‘कन्यादान सेट’ नावाचा एक संच होता. जाहिरातीपुरतं त्याचं नाव बदला, असं आम्ही सांगितलं, आणि त्यावर फारशी खळखळ झाली नाही.

मग या चौघांना एकाच जाहिरातीत आणायचं कसं? चौघांचं उत्पन्न वेगळं आणि खोल्याही वेगळ्या, पण घर भरायचा क्रम मात्र सारखा. आधी झोपायची सोय होते, मग बसायची, मग टेबलावर जेवायची. घर एका दिवसात कोणी भरत नाही, आणि हप्ता सुरू झालेल्या माणसाला एकदम लाखाचा आकडा दाखवला की तो जाहिरात उलटून टाकतो. म्हणून ‘टू बीएचके पॅकेज’ मोडून त्याचे तीन संच केले आणि त्यांना क्रमाचीच नावं दिली: पहिली रात्र, पहिला पाहुणा, पहिला महिना. पहिल्या रात्रीत पाच बाय साडेसहा फुटी स्टोरेज बेड, पाच इंची गादी आणि दोन दारी कपाट, मिळून ४४,००० रुपये. पहिल्या पाहुण्यात तीन अधिक दोन असा सोफा आणि सेंटर टेबल, ३४,०००. पहिल्या महिन्यात चार खुर्च्यांचं डायनिंग टेबल आणि चप्पल स्टँड, २१,५००. तिन्हींची बेरीज ९९,५०० होते, पण तो आकडा जाहिरातीत कुठेही छापायचा नाही असं ठरलं. ज्याला सगळं हवं तो बेरीज करतो.

बेड सहा फुटी का नाही, हा प्रश्न विक्रीच्या माणसाने विचारला, आणि तो योग्य होता, कारण किंग साइजमध्ये मार्जिन जास्त. पण दहा बाय अकराच्या बेडरूममध्ये सहा फुटी बेड लावून कपाट उभं केलं की कपाटाचं दार बेडला अडतं, किंवा चालायला आडवं व्हावं लागतं. नव्या घरात हे पहिल्या दिवशी लक्षात येतं आणि त्याचा राग शोरूमवर निघतो. म्हणून जाहिरातीत पाच फुटी, आणि मोठी खोली असलेल्याला काउंटरवर सहा फुटी.

किमतींबाबत एकच हट्ट धरला: छापलेला आकडा जीएसटीसह. फर्निचरवर १८ टक्के कर आहे. ४४,००० छापून खाली बारीक अक्षरात ‘कर वेगळा’ लिहिलं, तर काउंटरवर बिल ५१,९२० होतं. गिऱ्हाईक ते देतंही कदाचित, पण मुहूर्ताच्या खरेदीत आठ हजारांसाठी वाद घालत बसलेली माणसं बाकीच्यांना दिसतात.

यानंतर कॉपीचा खरा कठीण भाग आला, आणि तो भाषेचा नव्हताच. मालकांना जाहिरातीत ‘पाडव्याच्या मुहूर्तावर घरपोच’ असं हवं होतं. साडेतीन मुहूर्तांपैकी एक, त्या दिवशी वस्तू घरात यावी ही लोकांची इच्छा खरी आहे. आम्ही लिहिण्याआधी गोदामात जाऊन विचारलं की एका दिवसात किती घरं होतात. शोरूमकडे तीन टेम्पो, प्रत्येकाबरोबर दोन फिटर आणि एक हमाल. पहिल्या रात्रीचा संच म्हणजे टेम्पो भरणं, सांगली-मिरजेच्या गर्दीतून जाणं, जिन्याने सामान चढवणं, मग एका फिटरने बेड आणि दुसऱ्याने कपाट जोडणं. घाई केली नाही तर एका घराला दोन तास जातात. सकाळी आठ ते रात्री आठ, मधलं जेवण आणि गोदामाकडे परतणं वगळता, एका टेम्पोची पाच घरं होतात. तीन टेम्पोंची पंधरा.

पण पाडव्याला लोकांना सामान रात्री आठला नको असतं. गुढी सकाळी उभी राहते, नैवेद्य दुपारी, आणि सामान त्याआधी यावं अशी अपेक्षा. बारा वाजेपर्यंत एक टेम्पो दोन घरं करतो, म्हणजे तीन टेम्पो मिळून सहा. ‘पाडव्याच्या मुहूर्तावर घरपोच’ ही ओळ एवढं सगळं धरून सहा घरांपुरती खरी होती. साठ बुकिंगं आली असती तर चौपन्न घरी सणाच्या दिवशी फोन वाजत राहिले असते.

सोपा उपाय कोणालाही सुचेल: आदल्या दिवशी पोहोचवा. इथे पंचांग आडवं येतं. पाडवा चैत्र शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे त्याच्या आदला दिवस दरवर्षी फाल्गुनी अमावास्येचा. २०२६ मध्ये पाडवा गुरुवारी १९ मार्चला, तेव्हा बुधवार १८ मार्च अमावास्या. नवी वस्तू अमावास्येला घरात घ्यायला बरीच कुटुंबं तयार नसतात, आणि ज्यांना स्वतःला फरक पडत नाही त्यांच्या घरातली वडीलधारी माणसं अडवतात. टेम्पो दारात उभा आणि आजी सांगतात ‘आज नको, परवा आणा’, असा प्रसंग शोरूमच्या ड्रायव्हरांना चांगला ठाऊक होता. पुण्या-मुंबईहून कॅम्पेन बनवून येणाऱ्या कॉपीत हा दिवस नेहमी ‘प्री-फेस्टिव्हल डिलिव्हरी’ म्हणून मोकळा धरलेला असतो.

म्हणून आखणी अशी झाली. सोमवार १६ आणि मंगळवार १७ मार्च, रोज पंधरा, मिळून तीस घरं. बुधवारी एकही नाही. तो दिवस गोदामात सुटे भाग, स्क्रू आणि बिजागऱ्या मोजून पुढच्या दिवसाचे टेम्पो भरायचा. गुरुवारी पंधरा घरं, त्यातली सकाळची सहा. एकूण पंचेचाळीस. सोमवार-मंगळवारच्या तीस घरांना मुहूर्त कसा साधेल, याची ओळ कॉपीत लागत होती. ती अशी जमली: ‘सामान आधी लावून देऊ, पहिली बैठक पाडव्याला.’ म्हणजे बेड उभा, गादी प्लास्टिकच्या वेष्टणात, सोफ्यावर कव्हर. पाडव्याला वेष्टण काढायचं आणि वापर सुरू करायचा. लोकांना हे पटतं, कारण घरोघरी नवी गाडी किंवा दागिना आधी आणून मुहूर्ताला वापरायला काढायची पद्धत आहेच.

काउंटरवरच्या मुलांना एक प्रश्न पाठ करून दिला: मुहूर्त पावतीचा हवा की वस्तू घरात यायचा? याचं उत्तर अर्धवट राहिलं की भांडण ठरलेलं. पुष्कळांना पाडव्याच्या तारखेचं बिल पुरतं. अशांना पंचेचाळिसांत धरायचंच नाही. त्यांचा टेम्पो त्यांच्या सोयीने.

या गणितातून आणखी एक गोष्ट निघाली, आणि ती मालकांना फारशी आवडली नाही. पाडव्याच्या पुरवणीतली जाहिरात पाडव्याच्या सामानासाठी निरुपयोगी असते. त्या सकाळी वाचून त्या दिवशी पलंग घरात येणार नाही. बुकिंग १० मार्चला बंद करायचं, तर मुख्य जाहिरात होळीच्या तोंडावर, रविवारी १ मार्चला यायला हवी. पुरवणीतल्या जाहिरातीला वेगळं काम द्यायचं.

ते काम मार्च महिन्याच्या स्वभावातच सापडलं. महाराष्ट्रात रेडीरेकनरचे दर १ एप्रिलला बदलतात, म्हणून मार्चअखेर घरांच्या दस्तनोंदणीची गर्दी असते. नोंदणी झाली तरी ताबा, रंगकाम, लाइट फिटिंग बाकी असतं. मुलांच्या परीक्षा एप्रिलपर्यंत चालतात, आणि त्या संपल्याशिवाय बिऱ्हाड हलत नाही. म्हणजे पाडव्याला खरेदी करायची इच्छा असलेला मोठा गट असा, की त्याला सामान ठेवायला जागाच नाही. त्याला सवलत नको, गोदाम हवं. ‘आज घ्या, ३१ मेपर्यंत आमच्याकडे ठेवा, भाडं नाही’ ही ऑफर शोरूमला दहा टक्के सूट देण्यापेक्षा स्वस्त पडते आणि नव्या घराच्या कल्पनेशी थेट जोडलेली आहे.

तिच्यामागे एक तांत्रिक कारणही आहे, जे आम्ही पॅम्प्लेटमध्ये दोन ओळींत लिहिलं. नव्या गिलाव्याची भिंत आतून बरेच दिवस ओलसर असते. तिला टेकून कपाट उभं केलं की मागची पातळ फळी ओल ओढते, फुगते, आणि मागच्या बाजूला बुरशीचे काळे ठिपके उठतात. ते दिसतात पावसाळ्यात, कपड्यांना कुबट वास यायला लागल्यावर. भिंत वाळू द्यायची आणि नंतरही कपाट भिंतीपासून दोन बोटं सोडून लावायचं.

सामानाच्या वर्णनाची ओळ हा वादाचा मुद्दा ठरला. शोरूमच्या जुन्या कॉपीत ‘मजबूत लाकडी बेड’ असं होतं. बेड आणि कपाट प्रत्यक्षात १८ मिलिमीटर जाडीच्या प्रीलॅमिनेटेड पार्टिकल बोर्डाचं. लाकडाचा भुसा आणि तुकडे दाबून केलेली फळी, वर सागाच्या रेषांचा छापील थर. वाईट माल नाही. त्या किमतीत तोच मिळतो. पण ‘लाकडी’ वाचून आलेल्याच्या डोक्यात सागवान असतं. पार्टिकल बोर्डाचा एक ठरलेला शत्रू म्हणजे पाणी. फरशी भरपूर पाण्याने पुसली की बेडच्या खालच्या कडेची पट्टी सुटते, तिथून पाणी शिरतं, आणि कड फुगून भाकरीसारखी होते. एकदा फुगलेली फळी परत बसत नाही. कृष्णाकाठच्या गावभागात किंवा सांगलीवाडीत तळमजल्यावर राहणाऱ्याला २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर आठवतात. तो माणूस पाण्याबद्दल विचारणारच. त्याला बोर्डाचा बेड विकायचा नाही, लोखंडी किंवा भरीव लाकडाचा दाखवायचा, आणि तरी पुराच्या पाण्याची हमी कोणत्याच मालाला द्यायची नाही.

‘पार्टिकल बोर्ड लिहिलं तर गिऱ्हाईक पळेल,’ असं मालकांचं म्हणणं. आमचं म्हणणं असं की किंमत बघून त्याला ते कळतंच. लपवलं तर पळतो, सांगून वर काळजी कशी घ्यायची हे लिहिलं तर थांबतो. शेवटी ओळ राहिली. १ मार्चसाठी पाव पान जाहिरातीचा मजकूर असा झाला:

गुढी दारात उभी राहील. पाहुणे बसतील कुठे?

नवं घर एका दिवसात भरत नाही. आधी झोपायची सोय, मग बसायची, मग जेवायची. त्याच क्रमाने हे तीन संच.

पहिली रात्र: ५ बाय साडेसहा फुटी स्टोरेज बेड, ५ इंची गादी, दोन दारी कपाट. ४४,००० रुपये.
पहिला पाहुणा: ३+२ सोफा आणि सेंटर टेबल. ३४,००० रुपये.
पहिला महिना: चार खुर्च्यांचं डायनिंग टेबल, चप्पल स्टँड. २१,५०० रुपये.
किमती जीएसटीसह. सांगली-मिरज-कुपवाड महापालिका हद्दीत पोहोच आणि जोडणी यातच.

पाडव्यापर्यंत आम्ही ४५ घरं लावू शकतो. १६ आणि १७ मार्चला ३०, पाडव्याच्या दिवशी १५. सामान आधी लावून देऊ, पहिली बैठक पाडव्याला. नोंदणी १० मार्चपर्यंत.

बेड आणि कपाट १८ मिमी प्रीलॅमिनेटेड पार्टिकल बोर्डाचं आहे. पिळलेल्या फडक्याने पुसा, खाली पाणी साचू देऊ नका.

दार आणि जिना मोजून या. नाहीतर फोन करा, आम्ही मोजायला येतो.

शेवटच्या ओळीला जाहिरातीतली सर्वांत कामाची ओळ म्हणावं लागेल. तीन माणसांचा सोफा सहज सात फूट लांब असतो, रुंदी पावणेतीन-तीन फूट. दार आणि जिन्याचं वळण अरुंद, आणि छोट्या इमारतीच्या लिफ्टमध्ये तो मावत नाही. टेम्पो दारात आल्यावर हे कळलं की सोफा परत जातो आणि त्या दिवसाच्या पुढच्या घराची वेळ हुकते. मोजायला जाणारा मुलगा एका फेरीत बऱ्याच घरांचा हा घोळ वाचवतो, शिवाय घर आतून बघून येतो. विक्रीला यापेक्षा चांगली सुरुवात नाही.

जाहिरातीत ‘५० टक्क्यांपर्यंत सूट’ नाही, हे बऱ्याच जणांना खटकलं. असं छापताना ‘पर्यंत’ बारीक होतं आणि पन्नास टक्के सूट कोपऱ्यातल्या दोन जुन्या खुर्च्यांवर असते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत केंद्राची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांत पुरेसा माल नसताना आमिषाची किंमत दाखवणं आणि ‘मोफत’ म्हणून दुसरीकडून पैसे काढणं, दोन्हींबद्दल स्पष्ट नियम आहेत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे पहिल्या वेळी दंड दहा लाखांपर्यंत जाऊ शकतो. छोट्या शोरूमना यातली एक तरतूद माहीत नसते: दावा ज्या भाषेत, अट त्याच भाषेत आणि त्याच टाइपात हवी. मराठी मजकुराखाली इंग्रजीत ‘अटी लागू’ टाकायची सवय त्यामुळे मोडली. ‘मोफत घरपोच’ हा शब्दप्रयोगही काढला, कारण हद्द लिहायची असेल तर ‘यातच’ हा शब्द जास्त खरा ठरतो. तासगाव, विटा, जतचा टेम्पो भाड्यानेच जातो, आणि ते भाडं किती हे पॅम्प्लेटच्या मागच्या बाजूला गावनिहाय छापलं.

पुरवणीतली जाहिरात लहान ठेवली. हेडलाइन ‘रंग ओला आहे? सामान आमच्याकडे ठेवा.’ खाली शुभेच्छांची एक ओळ आणि ३१ मेची ऑफर. शुभेच्छांच्या ओळीत डिझायनरने सवयीने शक आणि संवत्सराचं नाव टाकलं होतं. शके १९४८ च्या संवत्सराचं नाव ‘पराभव’. पंचांगात ते बरोबर, पण नव्या घराच्या शुभेच्छांखाली मोठ्या टाइपात ‘पराभव नाम संवत्सर’ वाचून कोण सोफा घेईल? नाव काढलं, शक ठेवला. हे दरवर्षी बघावं लागतं. २०२४ चं संवत्सर क्रोधी होतं.

चित्राचीही तपासणी करावी लागते. तयार टेम्प्लेटमध्ये गुढीवर सरळ उभा कलश आणि नारळ असतो. गुढीवर तांब्या किंवा गडू पालथा असतो, खाली खण किंवा साडी, कडुलिंबाचा डहाळा, साखरेची गाठी. दुसऱ्या एका डमीत गुढी हॉलमध्ये सोफ्याशेजारी उभी होती, जणू ती सजावटीची वस्तू. फ्लॅटमध्ये ती बाल्कनीच्या ग्रिलला बांधतात. म्हणून चित्र बदललं: उघड्या दारातून बाहेरची गुढी दिसते आणि आत हॉल पूर्ण रिकामा, फक्त एक सोफा. मालकांना त्यात चौदा वस्तू हव्या होत्या. रिकामी जागा दिसली नाही तर हेडलाइनला अर्थच राहत नाही, एवढं पटवायला मात्र वेळ लागला.

प्रूफ वाचण्याचं काम गंभीरपणे घ्या. आपण मजकूर युनिकोडमध्ये पाठवतो. प्रेसवर किंवा फ्लेक्सच्या दुकानात बऱ्याचदा जुन्या फाँटवर काम चालतं. तिथे चिकटवलेला मजकूर तुटतो, रफार पुढच्या अक्षरावर जातो, पहिली वेलांटी सरकते, म्हणून ऑपरेटर सगळं परत टाइप करतो. चुका तिथे शिरतात. ‘गुढी’चं ‘गुडी’, ‘हार्दिक’चं ‘हार्दीक’, ‘शुभेच्छा’चं काहीही. आकडेही हाताने पुन्हा टाइप होतात, आणि ४४,००० चं ४०,४०० झालं तर शोरूमला त्या किमतीला द्यावं लागेल किंवा वाद घालावा लागेल. म्हणून अंतिम प्रूफ मूळ मजकुराशेजारी ठेवून दोघांनी वाचायचं: एकाने मोठ्याने, दुसऱ्याने बोट ठेवून. फोन नंबर प्रूफवरूनच लावून बघायचा.

बाकीची माध्यमं पटकन झाली. रस्त्यावरच्या वीस बाय दहा फुटी होर्डिंगवर फक्त हेडलाइन, शोरूमचं नाव आणि चौक. किमती नाहीत, दुचाकीवरून त्या वाचता येत नाहीत. व्हॉट्सॲपसाठी तिन्ही संचांची वेगवेगळी चित्रं केली, कारण नवरा ते बायकोला किंवा मुलगा वडिलांना पाठवतो तेव्हा त्याला एकच संच दाखवायचा असतो. तालुक्याच्या बाजाराच्या दिवशी फिरणाऱ्या रिक्षासाठी पुकारणी लिहिली. तिथे लांब वाक्य चालत नाही, रिक्षा पुढे गेली की उरलेलं अर्धं दुसऱ्याच माणसाला ऐकू येतं: ‘मंडळी, नवं घर बांधलंय? पलंग, गादी, कपाट, चव्वेचाळीस हजार, टॅक्ससकट! पाडव्यापर्यंत घरात! दहा मार्चपर्यंत नाव नोंदवा!’ प्रत्येक तुकडा स्वतंत्र, कुठूनही ऐकला तरी कळणारा.

याच कॉपीचा पुढचा हप्ता अक्षय्य तृतीयेचा, रविवार १९ एप्रिलचा. हेडलाइन तिथे बदलावी लागते, कारण गुढी नसते. त्याऐवजी चैत्रगौरीचं हळदीकुंकू महिनाभर चाललेलं असतं आणि नव्या घरी एका संध्याकाळी वीस-पंचवीस बायका येतात: ‘हळदीकुंकू नव्या घरात. बसायला काय?’ संच तेच, फक्त पहिला पाहुणा वर आणि पहिली रात्र खाली. टेम्पोचं गणित तेवढं सोपं होतं. त्या वेळची अमावास्या शुक्रवारी १७ एप्रिलला, म्हणून शनिवारचा पूर्ण दिवस मोकळा मिळतो आणि आदल्या दिवशी पंधरा घरं बिनदिक्कत लावता येतात.